फ्लॅग बंद केला की सगळं पूर्ववत होतं का?

तीन_आठवड्यांची_ब्रांच:
ऑर्डरच्या पानावरचा पत्त्याचा फॉर्म नव्याने लिहितोय. तीन आठवडे माझी ब्रांच वेगळी आहे आणि रोज `main` मधले बदल ओढून घेताना नाकी नऊ येतात. लीडचं म्हणणं, "झालंय तेवढं `main` मध्ये टाक, फ्लॅग लाव, बंद ठेव. लाइव्हवर गेलं तरी कोणाला दिसणार नाही." अर्धा कोड लाइव्हवर पाठवणं माझ्या पचनी पडत नाही. कोणाचं बरोबर?

बिनधास्त_डिप्लॉय:
लीडचं. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? फ्लॅग बंद म्हणजे तो कोड चालतच नाही. पूर्ण झाला की आधी स्वतःला चालू करा, मग टीमला, मग १० टक्के लोकांना. गडबड झाली तर फ्लॅग बंद, दोन सेकंदांत सगळं पूर्ववत. आम्ही दिवसातून चार वेळा डिप्लॉय करतो, कोणाच्या कपाळावर आठी नसते.

जुना_खोडरबर:
"सगळं पूर्ववत" हेच ऐकून आमची एक शुक्रवारची रात्र गेली होती. शिवाय बंद फ्लॅगमागचा कोड "चालत नाही" हे निम्मंच खरं. बटण लपतं, पण त्या बटणामागची सर्व्हरवरची URL उघडीच असते. ब्राउझरला पाठवलेली स्क्रिप्ट कोणीही उघडून वाचतो आणि थेट विनंती पाठवतो. फ्लॅगची तपासणी सर्व्हरवरही लागते; नुसती पडद्यावर असेल तर ते दाराला कुलूप न लावता दारापुढे पडदा सोडण्यासारखं आहे.

मुळात मला ही पद्धतच आवडत नाही. पाच फ्लॅग म्हणजे चालू-बंदच्या ३२ जोड्या, बारा झाले की ४०९६. तपासता किती? दोन. सगळे बंद आणि सगळे चालू.

बिनधास्त_डिप्लॉय:
सर्व्हरवर तपासायचं, हे मान्य. पण ४०९६ चा बागुलबुवा नको. पत्त्याच्या फॉर्मचा आणि शोधपट्टीच्या रंगाचा काय संबंध? एकमेकांना शिवणारे फ्लॅग फार तर दोन-तीन असतात.

नवखा_पण_उत्साही:
आमच्याकडे अर्धवट काम वेगळ्या टेस्ट साइटवर असतं आणि तिला पासवर्ड आहे. तुम्हीही तसंच करा ना, फ्लॅगची भानगड कशाला?

तीन_आठवड्यांची_ब्रांच:
टेस्ट साइट आहे हो आमच्याकडेही. अडचण दाखवण्याची नाही, एकत्र करण्याची आहे. मी तीन आठवडे लांब राहिलो की तोवर बाकीचे चौघं त्याच फाइली बदलतात.

डेटा_आधी:
ब्रांचचा प्रश्न लीडच्या पद्धतीने सुटेल. पण वर कोणीच विचारलं नाही ते विचारतो: नवा फॉर्म पत्ता साठवतो कुठे? जुन्याच कॉलममध्ये, की नव्या?

तीन_आठवड्यांची_ब्रांच:
नव्या. जुना `address` हा एकच मजकुराचा कॉलम होता. आता `house`, `street`, `city` असे तीन. फ्लॅग चालू असेल तर तिघांत लिहायचं, नाहीतर जुन्यात.

डेटा_आधी:
मग थांबा. समजा मंगळवारी सकाळी १० टक्के लोकांना फ्लॅग चालू केला. दुपारपर्यंत त्यांच्यातल्या २०० ऑर्डर आल्या, पत्ते तीन कॉलममध्ये, `address` रिकामा. चार वाजता लक्षात आलं की मोबाइलवर "पुढे" बटण दाबलंच जात नाही. फ्लॅग बंद केला. फॉर्म जुना झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाच वाजता पाकिटांवरची लेबलं छापणारा जुना कोड जागा होतो. तो फक्त `address` वाचतो. २०० लेबलं कोरी.

फ्लॅगने कोड मागे गेला. दुपारभरात लिहिलेला डेटा जिथे होता तिथेच राहिला. यात कुठेही एरर येत नाही, म्हणून लॉग बघून कळणारही नाही. कळण्याची सोपी खूण म्हणजे ज्यांचा `address` रिकामा आहे अशा ऑर्डर मोजायच्या. शून्याच्या वर आकडा गेला की काहीतरी शिजतंय.

म्हणून लिहिणं फ्लॅगवर टांगू नका. नवा फॉर्म आला की दोन्हीकडे लिहा:

```
order.house   = form.house
order.street  = form.street
order.city    = form.city
order.address = join(form)
```

कोणता फॉर्म दाखवायचा याचा एक फ्लॅग, आणि लेबलाने कुठून वाचायचं याचा दुसरा. आधी काही दिवस फक्त दुहेरी लिखाण चालू द्या. मग वाचण्याचा फ्लॅग चालू करा, आणि तीन कॉलम रिकामे असतील तर `address` वर या, कारण जुन्या फॉर्मवाल्यांचे तिन्ही रिकामेच असणार. अशा मांडणीत कोणताही फ्लॅग कधीही बंद केलात तरी लेबलावर पत्ता येतो. जुना कॉलम काढणं सगळ्यात शेवटी.

बिनधास्त_डिप्लॉय:
हे माझ्या डोक्यात नव्हतं. आमचे बदल बहुतेक दिसण्याचेच असतात, म्हणून कधी अंगाशी आलं नसावं.

जुना_खोडरबर:
आणि काम झालेला फ्लॅग काढणार कोण? नाइट कॅपिटलचं प्रकरण आठवा, १ ऑगस्ट २०१२. शेअर बाजारात ऑर्डर टाकणारी त्यांची प्रणाली. नव्या कामासाठी त्यांनी एक जुना फ्लॅग परत वापरला. तो आधी ज्या कामाला होता ते २००३ मध्येच वापरातून गेलं होतं, पण त्याचा कोड तसाच पडून होता. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठव्यावर राहून गेला. फ्लॅग चालू झाला आणि आठव्यावर नऊ वर्षं झोपलेला कोड उठला. सुमारे ४५ मिनिटं, ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान.

डेटा_आधी:
उदाहरण बरोबर, पण सगळं खापर फ्लॅगवर फोडू नका. आठवा सर्व्हर राहिला ही डिप्लॉयची चूक. आणि गोंधळ चालू असताना त्यांनी सातही सर्व्हरवरचा नवा कोड काढला, फ्लॅग मात्र चालूच होता. म्हणजे जुना कोड आठही ठिकाणी सुरू झाला. मागे जाणं म्हणजे सुरक्षित जागी जाणं नव्हे, हे तिथेही दिसतं. बाकी फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा.

जुना_खोडरबर:
मग जुन्या ऑर्डरींचं काय? एका ओळीत कोंबलेला पत्ता तीन तुकड्यांत कसा करणार? जोडणं सोपं आहे, तोडणं नाही.

डेटा_आधी:
तिथे माझ्याकडेही साफ उत्तर नाही. स्वल्पविरामावर तोडून पाहिलंय. घरनंबर रस्त्यात जातो, रस्ता शहरात. मी असतो तर जुन्या ऑर्डरींना हातच लावला नसता, `address` वर परत येण्याची सोय कायम ठेवली असती.

जुना_खोडरबर:
"कायम" म्हणालात ना, म्हणजे तो कॉलम आणि तो `if` तुमच्या निवृत्तीपर्यंत.

तीन_आठवड्यांची_ब्रांच:
लीडशी बोललो. दुहेरी लिखाण आज टाकतोय, फॉर्मचा फ्लॅग बंद ठेवून. वाचण्याचा वेगळा फ्लॅग त्यांना जास्तीचा वाटतो, म्हणतात एकानेच भागेल. मी लेबलाचा कोड उघडून बसलोय, आणि आत्ताच दिसलं की `address` परताव्याची पावती छापणारी स्क्रिप्टही वाचते. ती कोणी लिहिली हे टीममध्ये कोणालाच माहीत नाही.