‘डीब्रीफिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

मेधा: मानसशास्त्राच्या एका प्रयोगाचे कागद मराठीत करतेय. सहभागींना ‘स्मरणशक्तीची चाचणी’ असं सांगायचं, पाहायचं भलतंच, आणि शेवटी बसवून खरं सांगायचं. त्या शेवटच्या भागाला मी ‘खुलासा’ लिहिलं. एथिक्स कमिटीचा शेरा आला: खुलासा आरोप असलेला माणूस करतो. शिवाय ‘फसवणूक’ शब्द काढा.

दत्तात्रय: ‘भ्रमनिरास’! निरास म्हणजे दूर करणं. इतका नेमका शब्द हाताशी असताना शोधाशोध कशाला?

शलाका: काका, फोड बरोबर आहे, पण ‘माझा भ्रमनिरास झाला’ म्हटलं की सगळ्यांना अपेक्षाभंगच ऐकू येतो.

दत्तात्रय: लोक चुकीचं वापरतात म्हणून शब्द टाकून द्यायचा?

सुभेदार: सैन्यात डीब्रीफिंग म्हणजे मोहिमेवरून परतलेल्याकडून माहिती काढून घेणं. ‘विचारपूस’ लिहा.

प्राची: शब्द तिथलाच, पण इथे दिशा उलटी आहे, माहिती प्रयोगकर्त्याने द्यायची असते. मी अशा समितीवर काम केलंय. येल विद्यापीठात १९६१-६२ साली मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमने शॉकचे प्रयोग केले. सहभागींना वाटायचं, आपण दुसऱ्या माणसाला विजेचे शॉक देतोय. शेवटी खरं सांगण्याला तो ‘डीहोक्स’ म्हणायचा, म्हणजे बनाव उतरवणं. पण बऱ्याच जणांना त्या दिवशी एवढंच कळलं की शॉक वाटले तितके तीव्र नव्हते. ते मुळात नव्हतेच, हे काही महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून कळलं. तोवर आपण एका माणसाला छळलं, हे मनात घेऊन ते जगले.

राजू: कॉलेजात आमची ‘बुद्धिमत्ता चाचणी’ घेतली, मला खूप कमी गुण. मग सगळ्यांसमोर सांगितलं, गुण खोटे होते. वर्ग हसला. मला अजून वाटतं, ते खरेच असतील.

प्राची: राजू, हे मोजलं गेलंय. १९७५ मध्ये रॉस, लेपर आणि हबर्ड यांनी लोकांना आत्महत्येच्या चिठ्ठ्यांच्या पंचवीस जोड्या देऊन खरी कोणती ते ओळखायला सांगितलं. निकाल आधीच ठरलेला: कुणाला चोवीस बरोबर, कुणाला दहाच. नंतर निकाल बनावट होता हे स्पष्ट सांगितलं, तरी ‘दहा’वाले स्वतःला कमीच समजत राहिले. असा खोटा समज पुराव्याशिवायही कसा टिकून राहतो, हेसुद्धा समजावलं तेव्हा त्यांच्यावरचा परिणाम जवळजवळ गेला. म्हणून कमिटीत मी आधी विचारायची: हेच ज्ञान खोटं न बोलता मिळेल का? मग विचारायची: खरं कळल्यावर माणसाला आपली माहिती परत मागता येईल का? आणि त्याला एकट्याला कोण सांगणार, किती वेळ देणार? ‘खरं सांगितलं’ एवढ्या ओळीवर मी सही करत नसे.

शलाका: मग ‘उलगडा’? त्यात हळूहळू सोडवणं आहे.

मेधा: आवडला. पण ‘फसवणूक’चं काय? ‘दिशाभूल’ चालेल?

प्राची: ‘फसवणूक’ ठेवा. कमिटीला बोचतो म्हणून तर ठेवा.

शलाका: कमिटीचं ठीक आहे, पण सहभागीला तो पोलिसात जायचा शब्द वाटेल. मी ‘दिशाभूल’च्या बाजूची.

दत्तात्रय: ‘खुलासा’ तरी ‘खुलणे’वरून आला, मराठी आहे. ‘उलगडा’ कोड्याचा होतो.

शलाका: खुलासा अरबी आहे काका, मूळ अर्थ सार. उर्दूत अजून तोच अर्थ आहे.

दत्तात्रय: कोश काढून बघतो.