साताऱ्याला परतताना: रिक्रूटरला पहिल्याच पत्रात किती सांगावे?

शाहूपुरीकर: स्टुटगार्टमध्ये 9 वर्षे यंत्रभागांच्या डिझाइनचे काम करतो आहे. आई साताऱ्यात एकटी असते, म्हणून आम्ही कुटुंबासह परत येत आहोत. शिरवळ आणि पुण्यातील रिक्रूटरांना पत्रे लिहायची आहेत. नोटीस (करारात तीन महिने, महिनाअखेरपर्यंत), अपेक्षित पगार आणि परतण्याचे कारण पहिल्याच पत्रात लिहावे का?

मिरजकर: माझ्या मते यातले काहीही लिहू नये. तीन महिने वाचले की अर्ज बाजूला पडतो. जर्मनीच्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याला चार आठवड्यांची नोटीस पुरते, तेव्हा सरळ तीस दिवस लिहा. पगाराचा आकडा तर समोरच्याकडूनच आधी येऊ द्यावा.

कृष्णाकाठची: मी शिरवळच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते आणि अशी पत्रे रोज वाचते, म्हणून मिरजकरांचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. चार आठवडे ही कायद्यातली मूळ मुदत आहे हे खरे, पण करारात त्याहून मोठी मुदत ठरली असेल तर तीच पाळावी लागते. शिवाय 'महिनाअखेरपर्यंत' या शब्दाकडे नीट पाहा. राजीनामा 31 ऑगस्टपर्यंत कंपनीच्या हाती पडला तर तुम्ही 30 नोव्हेंबरला मोकळे व्हाल, आणि तोच 2 सप्टेंबरला पोहोचला तर थेट 31 डिसेंबरला. दोन दिवसांच्या उशिरामुळे पूर्ण महिना जातो. तिथे राजीनामा सहीच्या कागदावरच द्यावा लागतो, ईमेल चालत नाही, त्यामुळे टपालाचे दिवसही धरावे लागतात.

आमच्याकडे असाच एक उमेदवार आला होता. त्याने पत्रात '90 दिवस' लिहिले, आम्ही तेवढेच दिवस मोजून रुजू होण्याची तारीख ठरवली आणि तो महिनाभर उशिरा आला. तोवर प्रकल्पप्रमुखांनी दुसऱ्या माणसाची मागणी केली होती. म्हणून दिवस लिहू नका, तारीख लिहा: "सही केलेले नियुक्तिपत्र 20 ऑगस्टपर्यंत मिळाल्यास 8 डिसेंबरला रुजू होईन, त्यानंतर मिळाल्यास जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात." सामान हलवण्याचा आठवडाही त्यात धरा. नियुक्तिपत्र हाती येण्याआधी मात्र राजीनामा देऊ नका.

आखातातून: मी दुबईहून सांगलीला परतलो तेव्हा नोटीस तीसच दिवसांची होती, काही अडचण आली नाही. खरा प्रश्न तिकडच्या बँक खात्याचा असतो, त्याचे आधी बघा.

शाहूपुरीकर: खात्याचे मी पाहीन, आभार. माझी अडचण पगाराची आहे. सध्या वर्षाला 78,000 युरो मिळतात. ते रुपयांत करून लिहावे का?

कृष्णाकाठची: कृपया करू नका. युरोला 90 रुपये धरले तरी तो आकडा 70 लाखांवर जातो, आणि आमच्या तक्त्यातली त्या पदाची वरची मर्यादा त्याच्या बरीच खाली असल्यामुळे तुमचा अर्ज कोणी वाचण्याआधीच गळतो. सध्याचा पगार युरोतच लिहा आणि अपेक्षा वेगळ्या वाक्यात रुपयांत मांडा. ती मांडताना सीटीसी आणि ठरावीक पगार यांची गल्लत होऊ देऊ नका. समजा, 36 लाखांची सीटीसी आहे. त्यातले 10 टक्के कामगिरीवर अवलंबून, म्हणजे 3.60 लाख बाजूला काढले. मूळ पगार निम्मा, म्हणजे 18 लाख धरला, तर कंपनीचा 12 टक्के भविष्यनिर्वाह निधी 2.16 लाख आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद सुमारे 87 हजार होते. उरले साधारण 29.37 लाख, आणि तुमचा स्वतःचा निधी व कर त्यातूनच जायचा आहे. म्हणून "ठरावीक पगार अमुक लाख, त्यात कंपनीचा निधी व ग्रॅच्युइटी धरलेली नाही" असे लिहिले की पुढचे दोन फोन वाचतात.

मिरजकर: तारखेचे मान्य करतो, करारातली मुदत वरचढ असते हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पगाराबाबत मात्र मी मत बदलणार नाही. ज्या कंपनीची 42 लाख द्यायची तयारी होती, ती 36 वाचल्यावर 36 च देणार. आणि आई एकटी असते हे लिहिले की समोरचा मनात म्हणतो, याला परतायचेच आहे, तेव्हा कमी पगारातही हा येईल.

कृष्णाकाठची: ही भीती खोटी नाही, तसे करणारे मी पाहिले आहेत. पण सहा महिन्यांत माणूस पुन्हा परदेशी जाईल, ही आमची शंका त्याहून मोठी असते. आईच्या तब्येतीचे तपशील नकोतच. "कुटुंबासह कायमचे साताऱ्यात राहणार असून मुलीचा शाळाप्रवेश इथेच घेत आहोत" एवढ्या वाक्याने ती शंका फिटते. पुण्यातल्या नोकरीसाठी मात्र रोजच्या प्रवासाचा प्रश्न येणारच, तेव्हा आठवड्यातले किती दिवस कचेरीत याल तेही त्याच पत्रात लिहा.

शाहूपुरीकर: तारीख आणि साताऱ्याचे वाक्य उद्याच्या पत्रात घालतो. पगाराचा आकडा शिरवळच्या पत्रात लिहीन आणि पुण्याच्या पत्रात तूर्त लिहिणार नाही. दोन्हीकडून काय उत्तर येते ते इथे कळवीन.