जुन्या दप्तरातल्या तारखेनं तुम्हाला कधी गंडवलंय का?

आधी माझा किस्सा, मग तुमचे येऊ द्या.

2023च्या दिवाळीआधीची गोष्ट. मी आस्थापना शाखेत नवीनच कनिष्ठ लिपिक. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी करत होते. एका वरिष्ठ सहायकांची जन्मतारीख सेवापुस्तकात 01.06.1966, टाइप केलेल्या ज्येष्ठता यादीत 01-06-1966 आणि संगणकाच्या प्रिंटवर 1/6/1966. टिंब, आडवी रेघ, तिरपी रेघ. आकडे तेच, म्हणून मी निर्धास्त. पण शेजारच्या रकान्यात निवृत्ती 31 जानेवारी 2024! काका टेबलाशी येऊन म्हणाले, "अगं बाई, मला चार महिने आधीच घरी पाठवतेस?"

सेवापुस्तकात आकड्यांखाली शाईनं अक्षरी लिहिलं होतं, 'एक जून'. संगणकानं मात्र 6 जानेवारी धरली होती.

जुना बोरू: तिरपी रेघ दिसली की तारीख अमेरिकन समजायची. टिंब आपलं.

एक्सेलवाली: दादा, निम्मंच बरोबर. रेघेवरून महिना कळत नाही. ताई, तुमच्या यादीत 25-06 सारख्या तारखा डावीकडे चिकटल्या होत्या का? संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर 25वा महिना त्याला सापडत नाही, मग तो ती तारीख नुसता मजकूर म्हणून ठेवतो. 12पर्यंतचे दिवस मात्र गुपचूप उलटतात. टिंबवाल्या तारखा आपल्या सेटिंगवरही मजकूरच राहतात आणि चढत्या क्रमाने लावल्या की तळाला जातात. `Text to Columns` मध्ये `DMY` निवडा, पण मूळ मजकुरावर. एकदा उलटलेल्या तारखेवर त्याचा उपयोग नाही, ती कागद बघून पुन्हा भरावी लागते.

धागाकर्ती: होत्या! पुढचं शून्यही गळालेलं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

गावाकडचा: आमच्या घरात चौघांचा वाढदिवस 1 जून. मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट तीच लिहिली. आई म्हणते मी पोळ्याचा. ती तारीख कुठल्या रकान्यात बसवू?

पेन्शन टेबल: तुमचा प्रश्न वेगळा आहे भाऊ, पण 1 तारखेची एक गोम सांगतो. 58 पूर्ण होतील त्या महिन्याअखेर निवृत्ती असते. जन्म 1 तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याअखेर. म्हणजे काका 31 मे 2024ला जाणार, 30 जूनला नाही. आमच्याकडे हे चुकून एकाला महिनाभर जादा पगार गेला, वसुली अजून चालू आहे.

धागाकर्ती: हो, मे महिन्यातच गेले. प्रिंटवर मी लाल शाईनं दुरुस्ती करून सही केली. ज्येष्ठता यादीही टिंबात बदलावी का?

जुना बोरू: एकसारखी करून टाक.

पेन्शन टेबल: जुन्या कागदाला हात लावू नका. त्यात चूक कुठे आहे?

जुना बोरू: मग पुढची पोरगी पुन्हा फसेल की.