निफाडची थंडी आणि जीडीडीचा हिशेब

"गोडी छाटणीपासून दिवस मोजले, तरी फुलोऱ्याचा अंदाज का चुकतो?"

कारण वेल दिवस नाही, ऊब मोजते. ही ऊब जीडीडीत मोजतात: दिवसाच्या सरासरी तापमानातून आधार तापमान, म्हणजे ज्याखाली वाढ थांबते ते तापमान, वजा करायचं आणि रोजचे आकडे बेरजेत धरायचे. द्राक्षाचं आधार तापमान साधारण १० अंश धरतात. ऑक्टोबरात कमाल ३२, किमान २० असेल तर सरासरी २६, म्हणजे त्या दिवसाचे १६ जीडीडी. डिसेंबरात निफाडला कमाल २८, किमान ८ झालं की सरासरी १८ आणि हाती फक्त ८. म्हणून उशिरा छाटलेली बाग रेंगाळते.

खरी गोची इथेच आहे. किमान तापमान आधाराखाली गेलं की काहीजण ८ ऐवजी १० धरून मग सरासरी काढतात. तेव्हा ९ येतात. महिनाभर अशीच थंडी राहिली तर ३० जीडीडीचा फरक, म्हणजे अंदाज तीनचार दिवसांनी हलला. फुलोऱ्यापर्यंत लागणाऱ्या जीडीडीची बेरीज ज्या पद्धतीने ठरवली असेल, तीच पद्धत तुम्हीही वापरा.