थेंब एकापाठोपाठ घातले तर

> मोतीबिंदूनंतर आईला तीन बाटल्या दिल्यात. एकापाठोपाठ घातल्या तर काय बिघडतं?

बिघडतं. डोळ्यात एक थेंबही जेमतेम मावतो. लगेच दुसरा घातला की पहिला गालावर ओघळतो, म्हणून मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. याच कारणाने एका वेळी एकाच औषधाचे दोन थेंब घालण्यातही अर्थ नाही. पांढुरकं, गढूळ दिसणारं स्टेरॉइडचं औषध आधी नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

आता थेंबानंतर काय करायचं ते. खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत थेंब टाकला की आपण पटापट उघडझाप करतो, आणि औषध नाकाकडच्या नळीतून घशात उतरतं. म्हणून तर तोंड कडू होतं! त्याऐवजी डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबायचा. बुबुळावर दाब नको. ऑपरेशन ताजं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काचबिंदूच्या टिमोलॉलला हे फार महत्त्वाचं, कारण ते रक्तात गेलं तर नाडी मंदावते आणि दमा उसळू शकतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहा. बहुतेक थेंब त्यानंतर महिनाभरच वापरायचे, छापील एक्सपायरी ही बंद बाटलीची. बाटलीचं टोक पापणीला लागलं तर महिनाभरही थांबू नका, ती टाकून द्या.