आरडीचा हप्ता चुकला: दंड किती, व्याज किती?

"साताऱ्यात पोस्टात दरमहा तीन हजारांची आरडी आहे. बचत खात्यात पैसे कमी होते, त्यामुळे जूनचा हप्ता गेला नाही. आधीचं व्याज बुडालं का?"

नाही हो, आधीच्या हप्त्यांच्या व्याजाला धक्का लागत नाही. पोस्टाचा दंड शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया, म्हणजे तुम्हाला ३० रुपये. रक्कम किरकोळ वाटते, पण दर वर्षाला १२ टक्के पडतो. ६.७ टक्के व्याज धरलं, तर त्याच तीन हजारांवर महिन्याला जेमतेम १७ रुपये मिळतात.

खरी अडचण जुलैत येते. पोस्ट आधी थकलेला हप्ता दंडासह घेतं, मग चालू हप्ता. म्हणजे खात्यात ६,०३० रुपये हवेत, शिवाय किमान शिल्लक ५०० वेगळी. पगार झाला म्हणून नेहमीसारखे तीन हजार टाकून निवांत बसलात, तर जुलैही थकेल. दोन्ही हप्ते काउंटरवर भरून पासबुकात नोंद करून घ्या, ऑटो डेबिटच्या भरवशावर राहू नका.

खातं १५ तारखेपर्यंत उघडलेलं असेल तर मुदत दर महिन्याची १५, नाहीतर महिनाअखेर. चार हप्ते थकले की खातं खंडित होतं. मग दोन महिन्यांत चालू केलं नाही, तर पुढे एक रुपयाही भरता येत नाही.