मदत हवी आहे: बाबांचं फोटोंचं खातं उघडत नाही (इंदूर)

"अरे, पासवर्ड मला पाठ आहे, मग कोड कुणाला पाठवतायत?" बाबांनी विचारलं. कोड जातो त्यांच्या जुन्या नंबरवर. रिचार्ज न केल्याने तो पाच महिन्यांपूर्वी बंद झाला.

"बाबा, बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. सारखा प्रयत्न करू नका."

"तुझ्या आईचे सगळे फोटो त्यातच आहेत रे."

घरातल्या जुन्या टॅबवर खातं अजून उघडं आहे, हीच आशा. आधी तिथून फोटो उतरवून घेतो, मगच घरच्या वायफायवर त्याच टॅबवरून नवा नंबर जोडतो. पण नंबर बदलतानाही जुन्याच नंबरचा कोड मागितला तर? ईमेलवरून किंवा जुन्या बॅकअप कोडवरून कुणाचं काम झालंय का?